कुजबुजू नका, अभ्यास चाललाय!

आमच्या घरात माझ्या अभ्यासाला कुणाचाही विरोध नाही. विरोध असता तर फार बरं झालं असतं. माणूस बंड करून उठतो, घर सोडतो, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो आणि काही वर्षांनी वर्तमानपत्रात पेढा खातानाचा फोटो छापून आणतो. माझ्या वाट्याला आला तो पाठिंबा. गडहिंग्लजच्या आमच्या घरात सणासुदीला वीस-पंचवीस माणसं जमतात आणि त्यातलं प्रत्येक माणूस दिवसातून निदान एकदा मला सांगतं, "तुझं चालू दे रं बाबा. आमचा काय तरास न्हाई तुला."

हे सांगायला ते माणूस खोलीत येतं. कॉटवर बसतं. राज्यघटनेचं पुस्तक हातात घेऊन त्याचं वजन करतं, मागं उलटून किंमत बघतं, "एवढं सगळं पाठ करायचं व्हय?" म्हणतं, मग आपल्या ओळखीतला कोणीतरी पोरगा कसा काही न वाचता तलाठी झाला ते सविस्तर सांगतं आणि जाताना दार उघडं टाकून जातं.

2025 साली आयोगाने राज्यसेवेची पूर्व परीक्षा 28 सप्टेंबरला ठेवली होती. तारीख वाचल्यावर शहाण्या मुलांनी अभ्यासक्रम काढला, मी कालनिर्णय काढलं. 27 ऑगस्टला गणपती. 31 ऑगस्टला गौरी येणार, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाणार आणि 2 सप्टेंबरला गणपतीला घेऊन जाणार. 6 तारखेला अनंत चतुर्दशी. तिथून उसंत मिळेल म्हणावं तर 8 ते 21 सप्टेंबर पितृपक्ष, म्हणजे गावभर म्हाळाची जेवणं. 22 ला घटस्थापना. जिवंत नातेवाईक, दिवंगत नातेवाईक आणि देव या तिघांनी मिळून माझा महिना वाटून घेतला होता, आणि वाटणीत राहिलेलं जे काही असेल त्यात मी राज्यसेवा करायची होती.

तरीही मी वेळापत्रक केलं. पहाटे 4 ते 7 राज्यघटना, 9 ते 12 भूगोल, दुपारी 2 ते 4 अर्थशास्त्र, रात्री सराव प्रश्न. वेळापत्रक चार रंगांच्या पेनांनी केलं, भिंतीवर चिकटवलं आणि त्यात एवढा दमलो की त्या दिवशी अभ्यास केला नाही.

गौरी यायच्या आदल्या रात्री त्या वेळापत्रकावर माझ्या काकींनी बांगड्यांची पिशवी अडकवली. खिळा चांगला मजबूत होता म्हणाल्या. माझ्या खोलीत तोवर गाद्यांची चळत, शेपूच्या जुड्या, गौरीच्या साड्यांची ट्रंक आणि आत्तीच्या दोन नाती येऊन पडल्या होत्या. पहाटे चारला मी उठलो आणि दिवा लावला. सात माणसांनी एकदम डोळ्यांवर हात घेतले आणि एक लहान मूल रडायला लागलं. त्याच्या रडण्यानं आजी उठल्या. आजी उठल्या म्हणजे चहा. चहा म्हणजे सगळे उठले. "पोरगा अभ्यासाला उठलाय" म्हणून सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं आणि सात वाजेपर्यंत माझ्या खोलीत बसून चहा पीत कौतुक चालू ठेवलं. राज्यघटनेची उद्देशिका माझी सकाळपासून "आम्ही" या शब्दावर अडली होती, आणि ते "आम्ही" अख्खं माझ्या खोलीत बसलेलं होतं.

इथून मी आवाजाच्या प्रश्नाकडे वळलो. अभ्यास होत नसला की माणूस आवाजाला दोष देतो, आणि दोष द्यायला गडहिंग्लजमध्ये डॉल्बी आहे. योगायोग असा की पर्यावरण हा विषय आमच्या अभ्यासक्रमातच आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, 2000. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री म्हणजे 10 ते सकाळी 6. या वेळात ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देता येते. रुग्णालयं, न्यायालयं आणि शैक्षणिक संस्था यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. हे सगळं मी खिडकीची तावदानं थरथरत असताना पाठ केलं आणि मंडळाच्या अध्यक्षाकडे गेलो. अध्यक्ष माझ्याच वर्गातला.

"माझी खोली शैक्षणिक संस्था आहे," मी म्हणालो.

"कशी काय?"

"तिथं शिक्षण चालतं."

"किती वर्षं झाली?"

मी परत आलो.

पण खरी गंमत पुढं आहे. डॉल्बीच्या त्या धडधडीत माझे ध्वनिप्रदूषणाचे नियम पाठ झाले. आकड्यांसकट झाले, आजही आठवतात. उलट रात्री साडेदहाला डॉल्बी बंद झाला, गल्ली शांत झाली, घरात सगळे अंथरुणावर आडवे झाले आणि पलीकडच्या खोलीतून आत्तीचा बारीक आवाज आला, "हळू बोल, त्यो अभ्यास करालाय." त्यानंतर तासभर मी एकाच परिच्छेदावर होतो. कारण तिकडं हळू आवाजात माझ्या लग्नाचं चाललं होतं.

"मुलगी चांगली हाय, बी. फार्म झालीया."

"मग काय म्हंत्यात?"

"विचारालेत, पोरगा काय करतो."

"मग काय सांगिटलास?"

इथं आत्तीनं आवाज आणखी खाली घेतला. अख्ख्या मुघल साम्राज्याच्या अधःपतनाची कारणं समोर उघडी होती, पण माझा जीव त्या एका उत्तरासाठी कानात गोळा झाला होता. उत्तर काही ऐकू आलं नाही. फक्त एक उसासा ऐकू आला. तो मात्र स्पष्ट होता.

याला शास्त्राचा आधार आहे. 1976 साली कॉल आणि वेल्श या दोन संशोधकांनी माणसांना डोळ्यांपुढं अक्षरं दाखवून ती ओळीनं लक्षात ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी कानावर कुणाचं तरी बोलणं सोडलं. तिकडं लक्ष देऊ नका असंही सांगितलं. तरी स्मरण घसरलं. बोलणं जर्मनमध्ये होतं, ते ऐकणाऱ्यांना कळत नव्हतं, तरीही घसरलं. पुढं इतरांनी पाहिलं की नुसता एकसुरी गोंगाट फारसं बिघडवत नाही, बिघडवतं ते सारखं बदलत जाणारं बोलणं. आणि बोलण्याचा आवाज बारीक केला म्हणून त्रास कमी होतो असंही नाही. मनात ओळ घोळवायची जी जागा असते तिथंच दुसऱ्याचे शब्द घुसतात, ते बोंबलत आले काय आणि चवड्यांवर चालत आले काय, जागा अडतेच.

हे वाचल्यावर मला एकदम आमच्या काकी आठवल्या. काकींचं माहेर संकेश्वरचं. आम्हांला कळू नये असं काही असलं की त्या आणि त्यांची बहीण कानडीत बोलतात. माझी समजूत अशी होती की कानडी चाललेली असताना वाचायला हरकत नाही, कारण मला त्यातलं "ऊटा" आणि "बेडा" सोडून काही कळत नाही. जर्मनचं जे झालं तेच कानडीचं. शिवाय मधूनच माझं नाव यायचं आणि पाठोपाठ हसू.

मग मी घरात फर्मान काढलं, "कुजबुजू नका. एक तर गप्प बसा, नाहीतर सगळे मिळून मोठ्यानं ओरडा. पंचवीस माणसं एकदम बोलली की शब्द कळत नाहीत. मला ते चालतं."

घरात शांतता पसरली. मग आजी आईला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "ह्याच्या डोस्क्यावर परिणाम झालाय काय गं?"

गौरी-पूजनाच्या दिवशी मात्र मला एक शोध लागला, आणि तो वेळापत्रक करणाऱ्या प्रत्येकानं लिहून ठेवावा असा आहे. त्या दिवशी घरात माणसं सर्वांत जास्त, काम सर्वांत जास्त आणि आवाजही. गौरी साडी नेसून उभी, मागोमाग शंकरोबा, स्वयंपाकघरात पुरणाचा घाट. पहिली पंगत साडेबाराला बसली, दुसरी दीडला. पुरणपोळी, वर तूप, कटाची आमटी, भजी, पुन्हा पुरणपोळी. मी दोन्ही पंगतींना वाढत होतो. अडीच वाजले आणि जादू झाली. मधल्या खोलीत काका आडवे, सोप्यात मामा आडवे, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून डुलतायत, पोरं जागच्या जागी पडलेली. घरात आवाज एकच, घोरण्याचा. एकसुरी, न बदलणारा, शब्द नसलेला. म्हणजे शास्त्राला पाहिजे तसाच.

हे दोन तास वर्षानुवर्षं आमच्या घरात होते आणि अर्धा तास मागंपुढं ते माझ्या वेळापत्रकातही होते: 2 ते 4 अर्थशास्त्र. ते आजवर हाती लागले नव्हते याचं कारण इतकंच की मीही दरवर्षी पहिल्या पंगतीला बसायचो. त्या दिवशी मी जेवणच साडेचारवर ढकललं. आईनं विचारलं तर म्हणालो, वाढणाऱ्यानं शेवटी जेवावं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. उपाशी पोटी वित्त आयोग आणि तुटीचा अर्थसंकल्प फार चांगले समजतात, विशेषतः तूट. चार पोळ्यांची भूक लागली होती, पण प्रकरण संपलं.

नवं काही वाचायचं असेल तर ते याच दोन तासांत, ही गाठ मी तेव्हापासून बांधली. बाकीच्या गोंधळात नवं वाचायला जायचं नाही. तिथं फक्त आधी वाचलेलं आठवून बघायचं आणि प्रश्न सोडवायचे, कारण प्रश्न मधेच तुटला तर पुन्हा धरता येतो, परिच्छेद तुटला की पहिल्या ओळीपासून सुरुवात. आणि दिवसाचा हिशेब तासांत ठेवायचा नाही, पानांत आणि प्रश्नांत ठेवायचा. "आज आठ तास" म्हटलं की आत्ती एका फेरीत दोन तास खाऊन जाते. "आज पन्नास प्रश्न" म्हटलं की ते पहाटे वीस, आरतीआधी दहा आणि उरलेले लसूण सोलताना असे तुकड्यातुकड्यानं पुरे होतात. लसूण सोलणं हा आमच्या घरात अभ्यासाला पूरक व्यवसाय आहे.

पेपर दुसरा, म्हणजे सीसॅट, मी असाच सगळ्यांच्या मध्ये बसून सोडवायला घेतला. 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. नुसतं पास व्हायचं, 33 टक्के, म्हणजे 66 गुण. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण, तेव्हा एकही न चुकवता 27 बरोबर आले की झालं. त्यात नातेसंबंधांवर एक प्रश्न असतो तसा होता. मी मोठ्यानं वाचला, "एका स्त्रीकडे बोट दाखवून राम म्हणाला, हिच्या एकुलत्या एका भावाचा मुलगा माझ्या बायकोचा भाऊ आहे. तर त्या स्त्रीचं रामच्या बायकोशी नातं काय?"

मी कागद-पेन्सिल घेऊन वंशावळ काढेपर्यंत आत्ती लसणाची पाकळी सोलत म्हणाली, "आत्ती लागती की! मी बसलो न्हवं हितं? पण मला एक सांग, बायकोच्या आत्तीकडं बोट दाखवालाय व्हय त्यो? पाया पडायचं सोडून?"

"प्रश्नात तसं दिलंय."

"मग पोरगं वळणाचं न्हाई. ह्या घरात पोरगी द्यायला नको हुती."

पुढचा प्रश्न बैठक व्यवस्थेचा. आठ जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत. अ हा ब च्या शेजारी बसलेला नाही. इथं काका अंथरुणावर उठून बसले.

"का बसला न्हाई?"

"काका, ती अट आहे."

"अट आहे, पण का आहे? सख्खे भाऊ हाईत काय?"

"दिलेलं नाही."

"मग वाटणीचं राहिलेलं असणार. आणि क कुणाच्या बाजूचा?"

दीड मिनिटाचा प्रश्न चाळीस मिनिटं चालला. शेवटी अ आणि ब यांच्यात समेट घडवून दोघांना शेजारी बसवलं, आणि आयोगाच्या चारही पर्यायांत ते बसेना. पण ऐका, त्या चार दिवसांत आत्तीनं नातेसंबंधांचे जेवढे प्रश्न सोडवले त्यात तिचा एकही चुकला नाही. 27 ची हद्द ती सहज ओलांडेल. तिला फक्त फॉर्म भरून द्यायला हवा होता.

गौरी-गणपती हिरण्यकेशीवर पोचवून आलो, पाहुणे पांगले, आणि घर शांत झाल्याबरोबर मला प्रचंड झोप येऊ लागली. मग मी मंडळाच्या गणपतीच्या राखणीला नाव दिलं. रात्री मूर्तीपाशी कार्यकर्ते बसलेच पाहिजेत असा पोलिसांचा आग्रह असतो, आणि बारानंतर जागायला कोणी राजी नसतं. अध्यक्षानं मला मिठी मारली. मी हिशेब केला होता: मांडवात उजेड फुकट, पंखा फुकट, आत्ती नाही.

उजेड होता, पण तो लाल, हिरवा, निळा असा आळीपाळीनं यायचा. हिरव्या उजेडात हिरव्या शाईच्या खुणा दिसायच्या नाहीत, लालमध्ये लाल दिसायच्या नाहीत, त्यामुळं महत्त्वाचं तेवढं नेमकं अदृश्य व्हायचं. आणि राखणीला असलेली चार पोरं मेंढीकोट खेळत होती. मला बघून त्यांनी एकमेकांना दटावलं, "ए, भाऊ अभ्यास करालेत, हळू खेळा." आणि ती कुजबुजत खेळायला लागली.

"बोंबला रे!" मी ओरडलो. "मोठ्यांदा खेळा!"

पोरं घाबरली. मग मीच तोडगा काढला. पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, जो डाव हरेल त्यानं मला एक प्रश्न विचारायचा. आयोगाचा नियम असा की पहिल्या पेपरात 100 प्रश्नांना 200 गुण आणि प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाचा पाव हिस्सा कापला जातो. म्हणजे चार चुका झाल्या की एका बरोबर उत्तराचे गुण गेले. मंडळानं तो नियम जसाच्या तसा स्वीकारला: चार चुकांना माझ्याकडून सगळ्यांना चहा. त्या रात्री पोरांनी इतका चहा प्यायला की राखण अतिशय उत्तम झाली, कुणाला झोपच आली नाही.

पण प्रश्न विचारायचे आणि उत्तर मागचं पान बघून तपासायचं, असं चार रात्री केल्यावर पोरांनाच सगळं यायला लागलं. मी खिसा सांभाळण्यासाठी जिवाच्या आकांतानं आठवू लागलो आणि माझंही डोक्यात बसलं. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवायचा प्रयत्न केला की ते जास्त टिकतं, असं मानसशास्त्रवाले सांगतात. त्यात चहाचं बिल मिसळलं की फारच टिकतं. शेवटच्या रात्री एक पोरगं म्हणालं, "कलम 243 के?"

"पंचायतींच्या निवडणुका, राज्य निवडणूक आयोग."

"243 झेडए?"

"नगरपालिकांच्या निवडणुका."

"बरोबर. मग आपल्या नगरपरिषदेची निवडणूक कवा हाय?"

"ते अभ्यासक्रमात नाही," मी म्हणालो. पोरांनी ती चूक धरली आणि चहा घेतला.

पितृपक्षात म्हाळाची आमंत्रणं आली. जिवंत माणसाला "परीक्षा आहे" सांगता येतं, पितरांना काय सांगणार? जेवून यायचो आणि झोपायचो. घटस्थापना झाली, परीक्षा आठवड्यावर आली, माझी उजळणी तिसऱ्यांदा सुरू झाली, आणि राज्यात पावसानं हाहाकार केला. कित्येक जिल्ह्यांत पूर आला, रस्ते तुटले, आणि आयोगानं परीक्षा पुढं ढकलली. नवी तारीख 9 नोव्हेंबर. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यापुढं आमची तक्रार काहीच नव्हती, आणि मी ती केलीही नाही. आमच्या घरात मात्र ही बातमी वेगळ्याच अर्थानं पोचली.

"पुढं गेली? मग आता मोकळाच हाईस की," काका म्हणाले आणि दसऱ्याच्या कामाची यादी माझ्या हातात दिली.

मी पुन्हा कालनिर्णय काढलं. 2 ऑक्टोबर दसरा. 17 ला वसुबारस, 21 ला लक्ष्मीपूजन, 23 ला भाऊबीज, नोव्हेंबर उजाडताच तुळशीची लग्नं. एकही सण टाळता येऊ नये अशी तारीख एवढ्या बारकाईनं शोधणं कठीण.

दसऱ्याला तर अभ्यास करणं हाच अधर्म ठरला. सरस्वती काढलेली पाटी पाटावर मांडली होती आणि तिच्याशेजारी माझी सगळी पुस्तकं पूजेला ठेवली होती. राज्यघटनेवर हळद-कुंकू, भूगोलावर झेंडू, अर्थशास्त्रावर आपट्याची पानं. मी चालू घडामोडींचा अंक तरी ओढून घ्यावा म्हणून हात पुढं केला तर आजींनी हातावर चापट मारली. "आज पुस्तकाला हात लावायचा न्हाई. आज देवी अभ्यास करती." देवीनं रात्रभर अभ्यास केला. सकाळी मूलभूत हक्कांची चार पानं कुंकवाच्या ओलीनं एकमेकांना चिकटली होती. सोडवताना कलम 19 चा एक तुकडा कलम 21 वर गेला, आणि जगण्याच्या हक्कातच संचारस्वातंत्र्य दिसू लागलं.

दिवाळीत पोरांनी किल्ला करायला घेतला. "दादा भूगोल शिकतोय" एवढं त्यांना कळलं होतं.

"सामानगड करून दे."

मी उत्साहानं सामानगड केला, तट, विहिरी, सगळं. मग एकानं प्रतापराव गुजरांचा घोडेस्वार आणला.

"ह्यो कुठं ठेवू?"

"ते नेसरीला."

"मग नेसरी पण कर की."

नेसरी केली. 1674 ची खिंड केली. खिंडीला डोंगर लागतो म्हणून डोंगर केला. डोंगरातनं नदी काढायची म्हणून हिरण्यकेशी काढली, तिला पाणी सोडलं, पाणी सोप्यातून माजघरात गेलं. संध्याकाळपर्यंत अंगणात अख्खा गडहिंग्लज तालुका झाला होता, उंचसखल, प्रमाणबद्ध, आणि माझा महाराष्ट्राच्या भूगोलाचा एक दिवस त्यात तालुक्यापुढं सरकला नव्हता.

9 नोव्हेंबरला कोल्हापूरला केंद्र होतं. परीक्षेचा हॉल एकदम गार, शांत. डॉल्बी नाही, घोरणं नाही, मेंढीकोट नाही. एवढ्या शांततेत मला काही सुचेना. पहिली दहा मिनिटं मी पंख्याचा आवाज ऐकत बसलो, तो एकसुरी होता हे त्यातल्या त्यात समाधान. मग लय लागली, पन्नासेक प्रश्न झाले, आणि मागच्या बाजूला दोन पर्यवेक्षिका हळूच बोलायला लागल्या. कुणाचं तरी लग्न ठरत होतं. मुलगी नोकरीला होती. मुलाकडचे काहीतरी म्हणत होते. काय म्हणत होते ते कळत नव्हतं. एकावन्नावा प्रश्न मी तीनदा वाचला.

"मॅडम," मी वळून म्हणालो, "जरा मोठ्यानं बोलाल काय?"

त्या इतक्या चपापल्या की पेपर संपेपर्यंत एकही शब्द बोलल्या नाहीत. मुलाकडचे काय म्हणत होते ते राहूनच गेलं.

घरी आलो तर आत्ती वाट बघत होती. सीसॅट कसा गेला विचारलं, नातेसंबंधांचे प्रश्न पुन्हा माझ्याकडून सोडवून घेतले आणि एक चुकल्याचं मला सांगितलं. मग धीर द्यायला म्हणाली, "आवंदा सण फार दाटीनं आले बघ. पुढच्या वर्साला अधिक महिना हाय, गणपती पार 14 सप्टेंबरवर गेलाय. उन्हाळ्यात तुला एक अख्खा महिना जादा मिळतोय, निवांत अभ्यास कर."

मला भरून आलं. मी लगेच कालनिर्णय उघडलं. 17 मे ते 15 जून, अधिक ज्येष्ठ. सण नाही, गौरी नाही, म्हाळ नाही. मी चार रंगांची पेनं काढली आणि पहाटे चारपासून आखायला घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई काकींना म्हणाली, "अधिकात जावयांना धोंड्याचं जेवण करायला लागतंय. आपले चार हाईत. पोरीबाळींसकट महिनाभर राहू देत, ह्याची खोली हाय की मोकळी."

हे मात्र ती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली.